आई चालायला लागली, आता मावशींना निरोप द्यायचाय. हिशेब नीट कसा करावा?

अनगोळची_लेक · 3 ऑगस्ट, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. आईला (वय 74) जानेवारीत न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचं फ्रॅक्चर झालं. ऑपरेशन करून अर्धा सांधा बदलला. 6 फेब्रुवारीपासून जांबोटी भागातल्या एक मावशी आमच्याकडे राहून तिला सांभाळतात. पगार महिना 18,000, राहणं-जेवण आमच्याकडे, महिन्याला दोन सुट्ट्या. सगळं तोंडीच ठरलं होतं.

आईचं आता छान आहे. काठी घेऊन तुळशीपर्यंत तीन पायऱ्या उतरते, खुर्चीवर बसून अंघोळ स्वतः करते. फिजिओथेरपिस्ट म्हणाले, आता चोवीस तास माणूस नको, उलट हातातलं काम तिला स्वतःला करू द्या. म्हणून 20 ऑगस्टला मावशींचं काम थांबवायचं ठरलंय.

पहिले दोन महिने मावशींनी जे केलं ते माझ्या हातून झालं नसतं. आईनं कुशीवर वळताना पायावर पाय टाकू नये म्हणून गुडघ्यांमध्ये उशी लागायची, ती सरकली की रात्री तीनला उठून परत लावायच्या. एकदाही आईला पाठीला जखम झाली नाही. त्यामुळे त्यांना मोकळ्या हातानं पाठवायचं नाही, हे घरात सगळ्यांचं एकमत आहे.

मी असा विचार केलाय: ऑगस्टच्या 20 दिवसांचा पगार 12,000 आणि वर 13,000 बक्षीस, असे 25,000 एका पाकिटात घालून द्यायचे. मे महिन्यात त्यांनी लेकीच्या फीसाठी 15,000 उचल घेतली होती, त्यातले 6,000 जून-जुलैच्या पगारातून कापलेत. उरलेले 9,000 माफ करायचे. म्हणजे बक्षीस 22,000 पर्यंत जातं. बरोबर आहे ना? आणि हे त्यांना कधी सांगावं? माझा भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो, शेवटच्या दोन दिवसांत सांग, आधी सांगितलं तर कामात लक्ष राहत नाही.

शहापूर_पेठ · 3 ऑगस्ट, रात्री 10:05

ताई, काय झालं नेमकं? काही चोरीबिरी झाली असेल तर स्वतः हिशेब करत बसू नका, आधी पोलीस ठाण्यात अर्ज द्या. आमच्या गल्लीत एकांनी नुसतं तोंडी काढलं आणि नंतर डोक्याला ताप झाला.

अनगोळची_लेक · 3 ऑगस्ट, रात्री 10:11

अहो नाही हो! काहीच झालेलं नाही. आई बरी झाली म्हणून काम संपतंय. मावशींबद्दल एक शब्द वाईट नाही. कपाटाच्या किल्ल्या सहा महिने त्यांच्याच उशाखाली असायच्या.

निपाणीची_वैनी · 3 ऑगस्ट, रात्री 10:48

तुमचं मन मोठं आहे, पण बक्षीस कुणाच्या हातात देताय ते बघा. आमच्या सासऱ्यांना लकवा झाला होता तेव्हा ब्युरोकडून एक दादा आले होते. ब्युरो आमच्याकडून 24,000 घ्यायचा. सासरे बरे झाल्यावर आम्ही शेवटच्या बिलासोबत 10,000 जास्तीचे ब्युरोच्याच खात्यावर घातले, 'त्यांना द्या' म्हणून. चार महिन्यांनी ते दादा चिकोडी स्टँडवर भेटले. मी म्हटलं, बक्षीस आवडलं का? त्यांना काही माहीतच नव्हतं. त्यांच्या हातात महिन्याला 17,000 पडायचे, हेही तेव्हाच कळलं. मला तिथंच रडायला आलं. घरी येऊन 10,000 परत त्यांच्या खात्यावर पाठवले.

म्हणून विचारते, तुमच्या मावशी ब्युरोच्या का थेट?

अनगोळची_लेक · 3 ऑगस्ट, रात्री 10:55

थेट. आईच्या भजनी मंडळातल्या एका काकूंनी पाठवलं होतं. वैनी, तुमचं वाचून कसंतरीच झालं.

टाइमऑफिस · 4 ऑगस्ट, सकाळी 6:30

मी साखर कारखान्यात टाइम ऑफिसला 31 वर्षं काढली. हजेरी, पगार आणि निवृत्तांचा शेवटचा हिशेब हेच माझं काम. तुमचा बेत चांगल्या मनाचा आहे, पण त्यात एक गफलत आहे. हक्काचे पैसे आणि बक्षीस तुम्ही एकाच पाकिटात घातलेत, त्यामुळे हक्काचं काय द्यायचं राहिलं हे तुम्हालाच दिसत नाही.

दोन गोष्टी सांगा. 6 फेब्रुवारीपासून महिना दोन प्रमाणे त्यांच्या किती सुट्ट्या झाल्या आणि प्रत्यक्षात त्या किती दिवस घरी गेल्या? आणि काम थांबणार हे त्यांना किती दिवस आधी कळणार?

अनगोळची_लेक · 4 ऑगस्ट, सकाळी 8:15

कॅलेंडरवर खुणा आहेत, आत्ताच मोजल्या. साडेसहा महिन्यांच्या 13 सुट्ट्या होतात. त्या फक्त 5 दिवस गेल्या. पहिले अडीच महिने तर हललेल्याच नाहीत, आईला सोडून जायला त्याच तयार नव्हत्या. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

संकेश्वरी_वकील_नव्हे · 4 ऑगस्ट, सकाळी 9:20

वकील नसलो तरी वाचन आहे. ताई, ग्रॅच्युइटी द्यावी लागते. वर्षाला 15 दिवसांचा पगार, 26 नं भागून. शिवाय बोनसच्या कायद्यानं 8.33 टक्के. हे दोन्ही दिलं नाहीत तर मावशी लेबर ऑफिसात जाऊ शकतात. आणि उचल बक्षिसातून वळती करा, म्हणजे हिशेब सरळ होतो.

टाइमऑफिस · 4 ऑगस्ट, दुपारी 12:10

संकेश्वरकर, आकडे तुमचे बरोबर आहेत, जागा चुकली. ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांचा आहे आणि साधारणपणे पाच वर्षं नोकरी लागते. बोनसचा कायदाही कारखाने-आस्थापनांचा. एका घरात एक माणूस ठेवला तर यातलं काही लागू होत नाही. घरकामाला कर्नाटकानं 2004 साली किमान वेतन ठरवलं, ते लागू होतं. त्याचे चालू दर लेबर ऑफिसच्या फलकावर मिळतात. 18,000 आणि त्या दराचं एकदा ताडून घ्या, मनाला बरं वाटेल.

तरी 8.33 टक्के हा आकडा कामाचा आहे. ते म्हणजे वर्षाला एक पगार. बक्षीस किती द्यावं सुचत नसेल तर ती पट्टी धरायला हरकत नाही. मावशींची साडेसहा महिन्यांची कमाई 1,17,000, तिचा बारावा हिस्सा 9,750. तेवढं दिलं तर रीतसर झालं, त्याच्या वर द्याल ते तुमच्या मनाचं.

आता हिशेब.

ऑगस्टचे 20 दिवस. महिन्याचा पगार 30 नं भागला की दिवसाचे 600, म्हणजे 12,000. हे तुम्ही बरोबर केलंत. एक लक्षात ठेवा: 30 नं भागलं तर सुट्टीचे दिवसही मोजायचे, आणि कामाच्याच दिवसांनी भागलं तर फक्त कामाचे दिवस मोजायचे. लोक भागतात 30 नं आणि मोजतात कामाचे दिवस. तिथं माणसाचे पैसे दोन्हीकडून जातात. कारखान्यात नव्या कारकुनाची पहिली चूक हीच असायची.

न घेतलेल्या 8 सुट्ट्या. त्या दिवशी मावशींनी पगाराबाहेरचं काम केलं. महिन्याला दोन सुट्ट्या म्हणजे 18,000 हे 28 दिवसांच्या कामाचे, दिवसाला 643 पडतात. 650 धरा. हक्काची रक्कम पूर्णांकात आणायची तर वर न्यावी. 8 दिवसांचे 5,200.

नोटीस. तुमच्यात लेखी काही नाही, म्हणून रिवाज बघायचा, आणि रिवाज एका महिन्याचा आहे. राहून काम करणाऱ्याचं काम सुटतं तेव्हा त्याच दिवशी छप्पर आणि जेवणही सुटतं. रोज येऊन-जाऊन करणाऱ्या बाईपेक्षा त्यांना वेळ जास्त लागतो. उद्या 5 तारखेला सांगितलंत तर 20 तारखेपर्यंत 15 दिवस मिळतात. उरलेल्या 15 दिवसांचे 9,000 द्या.

एकूण 26,200. त्यातून उचल 9,000 वजा. हातात यायचे 17,200. हे सगळं हक्काचं, यात बक्षिसाचा एक रुपयाही नाही.

आता तुमचं पाकीट बघा. 25,000 रोख आणि 9,000 माफ, म्हणजे 34,000. त्यातले 26,200 त्यांचेच. तुम्हाला वाटत होतं 22,000 बक्षीस देतोय, खरं बक्षीस 7,800 होतं.

अनगोळची_लेक · 4 ऑगस्ट, दुपारी 12:40

मी दोनदा वाचलं आणि आईलाही वाचून दाखवलं. आई गप्प बसली, मग म्हणाली, 'ते आठ दिवस ती माझ्याजवळ होती, मला एकेक दिवस आठवतो.' होळीला गावाकडून जत्रेसाठी तीन फोन आले होते, तरी गेल्या नव्हत्या. सुट्ट्यांचे पैसे आणि नोटीस दोन्ही द्यायचं ठरलं.

खानापूर_नाका · 4 ऑगस्ट, दुपारी 2:25

हिशेब पटला, नोटिशीचं पटलं नाही. आम्हीसुद्धा पगारावरच जगतो. माझ्या आईला पाच महिने बाई होती, महिना 16,000 आणि औषधं वेगळी. शेवटी सोनं गहाण टाकलं होतं. तिला आठवडाभर आधी सांगितलं, एक साडी आणि 2,000 दिले. ती हसत गेली. आता इथलं वाचून वाटतंय की मी तिचे पैसे बुडवले. तसं म्हणायचंय का?

टाइमऑफिस · 4 ऑगस्ट, सायंकाळी 5:50

तसं म्हणायचं नाही. नोटिशीचे पैसे देण्याची ऐपत नसेल तर नोटीसच लांब द्या, त्याला वेगळा खर्च नाही. महिनाभर आधी सांगायचं, म्हणजे पैसे द्यायची वेळ येत नाही. न घेतलेल्या सुट्ट्यांचं मात्र तसं नाही, ते काम होऊन गेलंय. तुमच्या बाईंच्या सुट्ट्या राहिल्या होत्या का, ते तुम्हालाच ठाऊक.

खानापूर_नाका · 4 ऑगस्ट, सायंकाळी 6:15

राहिल्या होत्या. तीन का चार. तिचा नंबर आहे अजून माझ्याकडे.

चंदगडी_पोर · 4 ऑगस्ट, रात्री 9:30

मी सहसा लिहीत नाही. माझी आई बेळगावात हेच काम करते, अकरा वर्षं झाली. आता टिळकवाडीत एका आजोबांकडे आहे. तिच्या बाजूनं दोन गोष्टी सांगते.

शेवटच्या दोन दिवसांत सांगा म्हणणाऱ्यांना वाटतं की बाईला काही कळत नाही. आईला पेशंटच्या आधी कळतं. आजी स्वतः पांघरूण काढून बसायला लागली की ती मला फोनवर सांगते, 'आता इथलं महिनाभराचं राहिलं.' घरचे काही बोलत नाहीत तोवर तिला रात्री झोप येत नाही, कारण दुसरं काम शोधायचं तर कुणाला विचारायचं आणि कधी? विचारलं आणि घरी कळलं तर 'हिचं मन उडालं' म्हणतात. लवकर सांगितलं तर ती मोकळेपणानं शोधते. लक्ष उडत नाही हो. उलट शेवटच्या दिवसांत ती पेशंटला सगळं शिकवून जाते.

दुसरं, फोनवर पैसे पाठवायच्या आधी नंबर कुणाचा ते विचारा. पहिल्या घरानं आईचे शेवटचे पैसे 'फोन पे' वर पाठवले, तो नंबर माझ्या काकांचा होता. आईला त्यातले अर्धेच मिळाले, आणि घरातलं भांडण नको म्हणून ती कधी बोलली नाही. एकटीला विचारा, सगळ्यांसमोर नको.

शहापूर_पेठ · 4 ऑगस्ट, रात्री 9:52

पोरी, चांगलं लिहिलंस. तरी मी म्हणतो, जाताना पिशवी बघायचा रिवाज आहे आमच्याकडे. दोघांच्या मनाची खात्री होते.

चंदगडी_पोर · 4 ऑगस्ट, रात्री 10:01

काका, माझ्या आईची पिशवी एकदा बघितली होती. त्यात त्याच घरच्या आजीनं दिलेला जुना स्वेटर निघाला. आजीला विसरायचा आजार होता, तिला दिलेलं आठवेना. आईनं स्वेटर तिथंच ठेवला. ते घर सोडून सात वर्षं झाली, अजून त्या रस्त्यानं जात नाही ती.

निपाणीची_वैनी · 4 ऑगस्ट, रात्री 10:20

काका, खात्री करायचीच असेल तर आपल्या वस्तू आपण आधी मोजाव्या, काम थांबतंय हे सांगायच्या आधी. जाणाऱ्याची पिशवी उघडून कसली खात्री?

टाइमऑफिस · 5 ऑगस्ट, सकाळी 6:15

चंदगडच्या ताईंनी जे लिहिलं ते मला ठाऊक नव्हतं. हिशेब बरोबर असून पैसे चुकीच्या हातात गेले तर काय उपयोग.

कागदाचं सांगतो. हिशेब मराठीत, एका पानावर, दोन प्रती. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत आणि कशी आली ते शेजारी. खाली उचल वजा. त्याच्याखाली रेघ मारून मग बक्षीस. रेघ विसरू नका. मावशींना स्वतः वाचू द्या, नाहीतर सावकाश वाचून दाखवा, आणि पैसे हातात किंवा खात्यात पडल्यावरच सही घ्या. रोख 5,000 च्या वर असेल तर पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावायची पद्धत आहे. कोऱ्या कागदावर सही कधीच घेऊ नका. आधारची झेरॉक्स घेतली असेल तर परत द्या.

उचलीचं एकच ठरवा, कापायची किंवा माफ करायची. माफ केलीत तर 'माफ' असं लिहा आणि तेवढ्यानं बक्षीस कमी धरा. मी असतो तर कापली असती आणि बक्षीस पूर्ण दिलं असतं. घेतलेले पैसे फेडून जाणारा माणूस ताठ मानेनं जातो. पण इथं दोन मतं असू शकतात.

संकेश्वरी_वकील_नव्हे · 5 ऑगस्ट, सकाळी 10:40

ग्रॅच्युइटीचं माझं चुकलं, मान्य. पण जायच्या भाड्याचं कुणी धरलं नाही. की कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट आहे म्हणून सोडलं?

अनगोळची_लेक · 5 ऑगस्ट, सकाळी 11:05

मावशी खानापूर तालुक्यातल्या आहेत, बस फुकट आहे खरी. पण ट्रंक आणि दोन बोचकी घेऊन त्यांना बसमध्ये चढवायचं नाही. मी गाडीनं घरापर्यंत सोडणार आहे.

गोकाकवाले · 5 ऑगस्ट, दुपारी 3:30

ताई, तुमच्या मावशी मोकळ्या होणार असतील तर नंबर द्या ना. माझ्या वडिलांचं पुढच्या आठवड्यात गुडघ्याचं ऑपरेशन आहे. 21 तारखेपासून थेट इकडे पाठवलंत तरी चालेल. पगार 20,000 देऊ.

अनगोळची_लेक · 5 ऑगस्ट, रात्री 9:15

दादा, नंबर इथं देणार नाही. त्यांना विचारते. हो म्हणाल्या तर तुमचा नंबर मी त्यांना देईन, तो मला निरोपात कळवा. पण लगेच 21 पासून होईल असं वाटत नाही, सहा महिन्यांनी घरी चालल्यात.

आज दुपारी मावशींना सांगितलं. मी बोलणार होते, पण आई म्हणाली, 'तिनं मला सांभाळलं, मीच सांगणार.' दोघी मागच्या पडवीत बसल्या होत्या, मावशी मेथी निवडत होत्या. आई म्हणाली, 'मी आता चालायला लागले. तुला वीस तारखेनंतर इथं अडकवून ठेवणं बरं नव्हे.' मावशींनी हातातली जुडी खाली ठेवली नाही. निवडतच म्हणाल्या, 'मला गेल्या महिन्यातच कळलं होतं आई. तुम्ही रात्री मला हाक न मारता उठलात, त्या दिवशी.' त्या जाग्या होत्या. आई बाथरूमला जाऊन परत झोपेपर्यंत डोळे मिटून ऐकत होत्या आणि मुद्दाम उठल्या नाहीत.

मग मी हिशेबाचा कागद आणला. सुट्ट्यांच्या ओळीवर त्या थांबल्या. 'हे कशाचे?' सांगितलं. म्हणाल्या, 'ते तर मीच गेले नाही.' म्हटलं, म्हणूनच.

पैसे कुठं द्यायचे तेही एकटीला विचारलं. जो नंबर मी जपून ठेवला होता तो धाकट्या दिराचा निघाला. चंदगडच्या ताई, तुमचे फार उपकार आहेत. मावशींचं स्वतःचं पासबुक ट्रंकेत आहे.

चंदगडी_पोर · 5 ऑगस्ट, रात्री 9:40

आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, एक पत्र द्या त्यांना. कधीपासून कधीपर्यंत, काय काय केलं ते सगळं लिहा. 'चांगल्या आहेत' एवढ्यानं पुढच्या घरी काही कळत नाही. खुब्याच्या ऑपरेशननंतर उठवणं-बसवणं, वॉकर, व्यायाम, औषधांच्या वेळा असं लिहा. आणि मराठीसोबत कन्नडमध्येही द्या, निम्मी घरं कन्नड असतात. आईकडे अकरा वर्षांत असं एकच पत्र आहे, ते तिनं प्लास्टिकच्या पिशवीत जपलंय.

खानापूर_नाका · 6 ऑगस्ट, सकाळी 7:50

काल रात्री त्या बाईंना फोन केला. चार सुट्ट्या होत्या. पैसे पाठवले, खातं कुणाचं ते विचारून. बस, एवढंच सांगायचं होतं.

अनगोळची_लेक · 21 ऑगस्ट, रात्री 10:30

काल मावशींना पोचवून आले. बऱ्याच जणांनी निरोपात विचारलं म्हणून लिहिते.

मधले पंधरा दिवस फार उपयोगी पडले. मावशींनी आपणहून पहिला आठवडा रात्री दुसऱ्या खोलीत झोपायला सुरुवात केली. आई आणि मी दोघीच. चौथ्या रात्री आई उठताना काठी हाताला लागेना म्हणून अडखळली. सकाळी मावशींनी पलंगाच्या उजव्या पायाला दोरीची कडी बांधून काठी अडकवायची जागा करून दिली, कारण आई उजव्या बाजूनंच उतरते. हे मला सहा महिन्यांत दिसलं नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी काही करायचं नाही, फक्त बघायचं, असं ठरलं. आईची जुनी वही घेऊन मला लिहायला लावलं: कुठली गोळी ती जिभेखाली धरून नंतर टाकून देते, पाट कुठं लपवलाय (खाली बसायची मनाई आहे, तरी पूजेला ती तो काढते), कोणता व्यायाम केला म्हणून सांगते आणि करत नाही. आई ऐकत होती आणि हो-हो करत होती.

पैशांचं असं केलं. हक्काचे 17,200 मावशींच्या स्वतःच्या खात्यात 19 तारखेला भरले, पासबुकात नोंद करून आणली. बक्षीस एक पूर्ण पगार, 18,000. उचल कापली. भावाला नोटिशीचे 9,000 अजून जास्तच वाटतात. तो म्हणतो, 15 दिवस आधी सांगितलं ते पुरे होतं. मी वाद घातला नाही. त्यानं त्याचा निम्मा वाटा पाठवला, पण मत बदललेलं नाही.

बक्षीस खात्यात घालू का विचारलं तर मावशी म्हणाल्या, 'हक्काचे खात्यात बरे. हे आईंच्या हातून द्या.' म्हणून ते रोख दिले.

निघताना आईनं शहापूरच्या पेठेतून आणवलेली साडी काढली. मावशींचे यजमान नाहीत, त्यामुळे ओटी भरायची वेळ आली तशा त्या मागं सरकल्या. आई म्हणाली, 'माझ्या घरातून तू रिकामी जायची नाहीस.' काठी भिंतीला टेकवून, माझा हात न धरता उभी राहिली आणि दोन्ही हातांनी खण-नारळ त्यांच्या पदरात घातला. मावशींचं लक्ष तेव्हाही आईच्या पायाकडेच होतं. नारळ घेता घेता म्हणाल्या, 'आई, वजन डाव्यावर घ्या.'

पत्र दोन्ही भाषांत दिलं. कन्नड शेजारच्या सरांनी लिहून दिलं.

गोकाकवाले · 21 ऑगस्ट, रात्री 10:50

मावशींचा फोन आला होता. आमचं ऑपरेशन पुढं गेलंय, गणपती झाल्यावर येते म्हणाल्या. सुट्ट्या महिन्याला दोन नको, चार पाहिजेत, असं आधीच सांगितलं. आम्ही लिहून देणार आहोत.

निपाणीची_वैनी · 21 ऑगस्ट, रात्री 11:05

चार मागितल्या, बरं केलं त्यांनी.

टाइमऑफिस दादा, एक राहिलंच. दिवाळीला पगाराएवढे पैसे द्यायची पद्धत आहे ना आपल्याकडे? मधेच काम सुटलं तर त्या दिवाळीचा वाटा द्यायचा का? आमच्याकडं आताची बाई नवरात्राच्या आधी जाणार आहे.

टाइमऑफिस · 22 ऑगस्ट, सकाळी 6:20

कारखान्यात आम्ही हजेरीच्या दिवसांवर द्यायचो. घरात मात्र मी दोन्ही तऱ्हा बघितल्यात. कामाला ठेवताना दिवाळीचं बोलणं झालं असेल तर महिन्यांच्या हिशेबानं द्या. झालं नसेल तर त्याचा नियम माझ्याकडे नाही, वैनी. इतरांनी काय केलंय ते लिहावं.

चंदगडी_पोर · 22 ऑगस्ट, सकाळी 8:00

आईला तीन घरांनी दिला, बाकीच्यांनी नाही. तिनं कधी मागितला नाही.